एकाच व्यक्तीचे चार बीएमआर: सूत्रे कुठे जुळतात आणि कुठे फाटतात

प्रश्न: मी नाशिकला राहते, वय ४२, उंची १५५ सेंमी, वजन ७२ किलो, बँकेत बैठी नोकरी. एका ॲपवर माझा बीएमआर, म्हणजे निव्वळ विश्रांतीत शरीर दिवसाला खर्च करते त्या कॅलरी, १४३४ आला, दुसऱ्यावर १३१८ आणि एका संकेतस्थळावर १४५५. माझ्या मिस्टरांचे (वय ४५, उंची १६८ सेंमी, वजन ६० किलो) मात्र त्याच दोन ॲपवर १४२८ आणि १४३० असे जवळजवळ सारखे आकडे आले. मग माझ्याच बाबतीत एवढा गोंधळ का, आणि मी कोणता आकडा धरून चालू?

उत्तर:

ॲपने सूत्राचे नाव सांगितले नसले तरी आकड्यांवरून ते ओळखता येते. तुमचा १४३४ हा हॅरिस-बेनेडिक्ट यांच्या मूळ सूत्राचा आकडा आहे, १३१८ हा मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राचा, आणि १४५५ हा जागतिक आरोग्य संघटना व तिच्या सहयोगी संस्थांच्या १९८५ सालच्या अहवालातील सूत्राचा. तिन्ही ठिकाणी गणित बिनचूक झालेले आहे. फरक आहे तो हे गणित मुळात कोणाच्या मोजणीवरून बसवले गेले यात. नाशिकमधल्या माझ्या आहार सल्ला केंद्रात येणारी बरीच मंडळी मोबाईलवर असेच दोन-तीन आकडे घेऊन येतात आणि त्यातला सर्वात अचूक कोणता हे विचारतात. त्याचे उत्तर सूत्राच्या नावात सापडत नाही, त्याच्या पोटातल्या गुणकांत सापडते. म्हणून आधी दोन सूत्रे उघडून पाहू.

स्त्रियांसाठी हॅरिस-बेनेडिक्ट यांचे मूळ सूत्र असे आहे (वजन किलोत, उंची सेंटिमीटरमध्ये, वय वर्षांत):

६५५.१ + (९.५६ × वजन) + (१.८५ × उंची) − (४.६८ × वय)

आणि मिफ्लिन-सेंट जिओर यांचे असे:

(१० × वजन) + (६.२५ × उंची) − (५ × वय) − १६१

आता यांत तुमचे आकडे घालण्याआधी नुसते गुणक शेजारी ठेवून पाहा. वजनाचा गुणक एका ठिकाणी ९.५६ आणि दुसऱ्या ठिकाणी १०, म्हणजे जवळपास सारखाच. वयाचा ४.६८ आणि ५, तोही सारखाच. उंचीचा मात्र १.८५ आणि ६.२५ आहे, म्हणजे तिपटीहून अधिक फरक, आणि सुरुवातीची स्थिर संख्या तर एकीकडे ६५५ जमा तर दुसरीकडे १६१ वजा. तुमच्या दोन आकड्यांमधला ११६ कॅलरींचा फरक नेमका कुठून येतो ते यावरून काढता येते. स्थिर संख्येमुळे हॅरिस-बेनेडिक्ट ८१६ कॅलरींनी पुढे जाते, उंचीमुळे ते ६८२ कॅलरींनी मागे पडते, वजनामुळे आणखी ३१.७ कॅलरींनी मागे येते, वयामुळे १३.४ कॅलरी परत मिळतात, आणि शेवटी ११६ उरतात. (या उत्तरात कॅलरी म्हणजे बोलण्यातली कॅलरी, अर्थात किलोकॅलरी.) म्हणजे तुमच्या बाबतीतला वाद जवळजवळ सगळा उंचीभोवती फिरतो. पहिल्या सूत्रानुसार स्त्रीच्या उंचीला फारसे महत्त्व नाही. ते बहुतेक भार स्थिर संख्येवर टाकून मोकळे होते. दुसरे सूत्र उंची गांभीर्याने घेते.

याचा परिणाम आपल्याकडच्या स्त्रियांवर विशेष होतो, कारण आपल्या स्त्रियांची उंची सर्वसाधारणपणे १५० सेंटिमीटरच्या आसपास असते. तुमचेच वय आणि वजन ठेवून उंची १४५ सेंमी केली तर दोन सूत्रांचे आकडे १४१५ आणि १२५५ येतात, म्हणजे १६० चा फरक. उंची १६५ सेंमी केली तर ते १४५२ आणि १३८० होतात आणि फरक ७२ वर उतरतो. तुमची उंची १८१ सेंमी असती तर दोन्ही आकडे जुळले असते आणि हा प्रश्नच तुम्हाला पडला नसता. जितकी स्त्री ठेंगणी, तितकी ही दोन सूत्रे एकमेकांपासून दूर जातात. दोन्ही सूत्रे अमेरिकेत तयार झाली. आपल्याकडे १४५ ते १५५ सेंमी ही अगदी रोजची उंची असल्यामुळे हा फरक आपल्याला सारखा भेटतो.

तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत काय घडले तेही पाहण्यासारखे आहे, कारण त्यांचे आकडे जुळले म्हणून ते खरे ठरत नाहीत. पुरुषांचे हॅरिस-बेनेडिक्ट सूत्र असे:

६६.५ + (१३.७५ × वजन) + (५.००३ × उंची) − (६.७६ × वय)

मिफ्लिन-सेंट जिओर मध्ये पुरुषांसाठी फक्त शेवटची संख्या बदलते, वजा १६१ ऐवजी अधिक ५ होते. बाकी सगळे तेच. यांतही गुणक वेगळेच आहेत. हॅरिस-बेनेडिक्ट वजनाला आणि स्थिर संख्येला जास्त देते, पण उंचीला कमी देते आणि वयासाठी जास्त कापते. ६० किलो, १६८ सेंमी आणि ४५ वर्षे या ठिकाणी ही जास्तीची देणी आणि जास्तीची वजावट योगायोगाने फिटतात आणि दोनच कॅलरींचा फरक उरतो. याच गृहस्थांचे वजन ९५ किलो धरा: हॅरिस-बेनेडिक्टचे १९०९ येतील, मिफ्लिनचे १७८०. फरक एकदम १२९. पुरुषांत ही सूत्रे वजन वाढेल तशी फाटतात आणि स्त्रियांत उंची घटेल तशी. दोन ॲप जुळली म्हणून समाधान मानण्याची सवय म्हणूनच फसवी आहे. तुमच्या मिस्टरांचे आकडे १९८५ च्या सूत्रात घातले तर १५७५ येतात, म्हणजे त्यांच्याही वाट्याला १४५ कॅलरींचा फरक आहेच. तो त्या दोन ॲपवर दिसला नाही इतकेच.

आता प्रश्न उरतो की एवढे वेगळे गुणक आले कुठून. हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी १९१९ साली वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेकडून आपले काम प्रसिद्ध केले. बेनेडिक्ट बॉस्टनच्या पोषण प्रयोगशाळेचे प्रमुख होते, तर हॅरिस हे मुळात वनस्पतिशास्त्राकडून संख्याशास्त्राकडे वळलेले गृहस्थ. त्यांच्याकडे १३६ पुरुष, १०३ स्त्रिया आणि ९४ नवजात बालके यांची मोजणी होती. प्रौढ मंडळी बहुतेक निरोगी आणि आजच्या मानाने सडसडीत होती. रक्तातले थायरॉइड संप्रेरक मोजण्याची सोय नव्हती त्या काळात थायरॉइडचा विकार ओळखण्यासाठी बीएमआर मोजत आणि तो अपेक्षेपेक्षा किती टक्के वर वा खाली आहे ते पाहत. अपेक्षा ठरवायला अशीच कोष्टके लागत. निरोगी माणसाचा मापदंड ठरवणे हा त्यांच्या कामाचा एक उद्देश होता. सत्तर किलोवरच्या बैठ्या स्त्रीचे वजन कमी करण्याची योजना आखणे हा नव्हता.

मिफ्लिन, सेंट जिओर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली ४९८ जणांच्या मोजणीवर नवे सूत्र बसवले. त्यांच्या गटात १९ ते ७८ वर्षांचे स्त्री-पुरुष होते आणि सामान्य वजनाच्या लोकांबरोबर स्थूल लोकही मुद्दाम घेतलेले होते. त्यांच्या मोजणीच्या तुलनेत हॅरिस-बेनेडिक्ट सूत्र सरासरी ५ टक्के जास्त आकडा देत होते. यात एक गमतीची गोष्ट आहे. मिफ्लिन यांनी विश्रांतीतला दर मोजला होता, काटेकोर मूलभूत दर नव्हे. मूलभूत दरासाठी रात्रभर उपाशी, झोपून उठल्यावर लगेच, निपचित पडून, सुखद तापमानात मोजणी करावी लागते. विश्रांतीच्या दरासाठी अटी थोड्या सैल असतात, म्हणून तो एरवी किंचित जास्त भरतो. तरीही सैल अटींचे सूत्र काटेकोर अटींच्या सूत्रापेक्षा कमी आकडा देते. म्हणजे मोजणीच्या अटींपेक्षा मोजलेली माणसे आणि मोजण्याची साधने यांतला फरक मोठा ठरला. ॲपवर दोन्ही आकड्यांना सरसकट बीएमआर म्हणतात, आणि व्यवहारात त्याने फारसे बिघडत नाही.

काही ॲपवर हॅरिस-बेनेडिक्टची १९८४ साली रोझा आणि शिझगल यांनी सुधारलेली आवृत्ती असते. तिच्यानुसार तुमचा आकडा १४१२ येतो. ॲपवर नुसते 'हॅरिस-बेनेडिक्ट' लिहिलेले असले आणि १४३४ ऐवजी १४१२ दिसले तर ते यामुळे.

तिसरे, १४५५ देणारे सूत्र वेगळ्या धाटणीचे आहे. त्यात उंची नाहीच, फक्त वजन आहे, आणि वय सलग न मोजता टप्प्यांनी घेतले आहे. ३० ते ६० वर्षांच्या स्त्रियांसाठी ते (८.७ × वजन) + ८२९ असे आहे. १८ ते ३० साठी गुणक वेगळे आणि साठीनंतर पुन्हा वेगळे. याचा एक विचित्र परिणाम होतो. ७२ किलोची स्त्री ५९ वर्षांची असताना तिचा आकडा १४५५ असतो आणि साठाव्या वाढदिवसाला तो १३५२ होतो. एका रात्रीत १०३ कॅलरी कमी. शरीरात असे काही घडत नाही. हा कप्पे पाडण्याचा परिणाम आहे. तुमचे वय अशा टप्प्याच्या काठावर असेल तर हे सूत्र मुळीच वापरू नये. तुम्ही ४२ च्या असल्यामुळे ही अडचण तुम्हाला नाही, पण ३० किंवा ६० च्या आसपासच्या नातेवाइकांना हा आकडा काढून देताना सांभाळा.

या सूत्रामागची मोजणी शोफिल्ड यांनी जगभरातून गोळा केली होती आणि ती हजारोंच्या घरात होती, पण त्यातली जवळपास निम्मी माणसे इटलीतली होती, त्यांतही बरेचसे सैनिक आणि श्रमिक. त्यांचा दर किलोमागे जास्त भरत होता, त्यामुळे सगळे सूत्रच वर सरकले. उष्ण प्रदेशातल्या लोकांना ते जास्त आकडा देते ही तक्रार बरीच जुनी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यावर एक साधा उपाय केला होता. परिषदेच्या २०१० च्या अहवालात भारतीयांसाठी हे आकडे सुमारे ५ टक्के कमी करून दिले आहेत. ३० ते ६० वर्षांच्या भारतीय स्त्रीसाठी त्यातले सूत्र (८.३ × वजन) + ७८८ असे येते. तुमचा आकडा त्याने १३८६ होतो. २००५ मध्ये ऑक्सफर्डच्या हेन्री यांनी इटलीची मोजणी बाजूला काढून आणि उष्ण प्रदेशांतली चार हजारांहून अधिक माणसे धरून दहा हजारांवर लोकांच्या मोजणीतून नवी समीकरणे दिली. त्यातले तुमच्या वयोगटाचे सूत्र (९.७४ × वजन) + ६९४ असे आहे आणि ते तुम्हाला १३९५ देते. एकाने ५ टक्के कापले आणि दुसऱ्याने माणसेच बदलली. दोघे नऊ कॅलरींच्या अंतरावर येऊन थांबले. मला स्वतःला या दोन आकड्यांचे जवळ येणे तुमच्या मिस्टरांच्या दोन आकड्यांच्या जुळण्यापेक्षा जास्त भरवशाचे वाटते, कारण इथे जुळण्यामागे कारण दिसते.

आता मूळ अडचणीकडे येतो, जी कोणतेच सूत्र सोडवत नाही. चयापचयाचा बहुतेक खर्च यकृत, मेंदू, हृदय, मूत्रपिंडे आणि स्नायू करतात. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला साधारण १३ कॅलरी जाळतो, तर एक किलो चरबी साधारण ४.५. यकृताचा आणि मेंदूचा खर्च किलोमागे दोनशेच्या घरात असतो. वजनकाट्याला हा फरक कळत नाही. सूत्रातला 'किलोमागे १० कॅलरी' हा गुणक त्या गटातल्या लोकांच्या वजनात चरबी आणि चरबीविरहित भाग सरासरी जसा होता तसाच तुमचाही आहे असे गृहीत धरतो. आपल्याकडे हे गृहीतक बऱ्याचदा लागू पडत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे उदाहरण वैद्यक क्षेत्रात प्रसिद्ध आहे: दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी एकाची २१.२ टक्के आणि दुसऱ्याची ९.१ टक्के. समजा अशा दोघांचे वजन, उंची, वय सगळे सारखे आणि वजन ६५ किलो आहे. वरची सगळी सूत्रे दोघांना अगदी एकच आकडा देतील. चरबीविरहित वजनावर चालणारे कॅच-मॅकार्डल सूत्र, म्हणजे ३७० + (२१.६ × चरबीविरहित किलो), मात्र त्यांच्यात १७० कॅलरींचा फरक दाखवेल.

हे वाचून कोणालाही वाटेल की मग चरबीविरहित वजनाचेच सूत्र वापरावे. ते तत्त्वतः बरोबर आहे, पण त्यासाठी चरबीचे प्रमाण विश्वासाने माहीत हवे, आणि इथेच घोटाळा होतो. जिममधले किंवा घरचे स्मार्ट वजनकाटे पायांतून सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतात, आणि तो अंदाज बांधताना वय, लिंग, उंची आणि वजन हीच माहिती आत घालतात. म्हणजे आपण ज्या चार गोष्टींच्या मर्यादेतून सुटायला निघालो त्याच चार गोष्टी मागच्या दाराने परत येतात. शिवाय तुम्ही पाणी किती प्यायलात आणि पाळीच्या कोणत्या दिवसांत आहात यावर त्यांचा आकडा हलतो. तुमच्या काट्याने ३५ टक्के चरबी सांगितली तर या सूत्राने १३८१ येतात आणि ४० टक्के सांगितली तर १३०३. एकाच आठवड्यात काट्याच्या आकड्यात चार-पाच टक्क्यांचा फरक पडला तरी नवल वाटून घेऊ नये. ज्यांनी रुग्णालयात डेक्सा स्कॅन करून घेतला आहे त्यांनी हे सूत्र जरूर वापरावे. बाकीच्यांनी या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे.

तुमच्यासाठी माझी निवड कोणती, तेही सांगतो. तुमचा बीएमआय ३० ला टेकला आहे, म्हणजे वजनातला बराचसा भाग चरबीचा असणार. हॅरिस-बेनेडिक्टच्या सडसडीत गटातून आलेला १४३४ आणि इटलीच्या भाराने वर गेलेला १४५५ हे दोन्ही मी बाजूला ठेवीन. मिफ्लिनच्या गटात स्थूल माणसे होती आणि ते सूत्र उंचीचा हिशेब ठेवते, म्हणून १३१८ ला मी खालची सीमा मानीन आणि परिषदेच्या १३८६ ला वरची. मधला १३५० धरून सुरुवात करा. तुमचे वजन ५० किलो असते तर मी अशी निवड केली नसती. त्या वजनाला मिफ्लिन १०९८ देते, तर ऑक्सफर्ड ११८१, परिषद १२०३ आणि हॅरिस-बेनेडिक्ट १२२३. तिथे तीन सूत्रे एकत्र आणि मिफ्लिन एकटे खाली पडते, आणि सडपातळ भारतीय स्त्रीसाठी मी त्या तिघांकडे झुकेन. 'मिफ्लिन सर्वोत्तम' हे इंटरनेटवर सर्रास वाचायला मिळणारे वाक्य म्हणूनच अर्धेच खरे आहे. प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहिले तेव्हा ते सामान्य वजनाच्या साधारण दहापैकी आठ जणांना आणि स्थूल दहापैकी सात जणांना १० टक्क्यांच्या आत बसले, आणि इतर सूत्रांपेक्षा ही कामगिरी चांगली आहे. पण उरलेल्या दोघा-तिघांत आपण आहोत की नाही हे सूत्राकडून कळत नाही.

पुढची पायरी जास्त घातक आहे. बीएमआरला हालचालीच्या गुणकाने गुणून दिवसाचा एकूण खर्च काढतात. बैठ्या कामासाठी कोणी १.४ घेते, कोणी १.५३, कोणी १.५५. तुमचा १३५० धरला तर १.४ ने १८९० येतात आणि १.५५ ने २०९३. म्हणजे सूत्रांमधल्या सर्वात मोठ्या फरकापेक्षाही, १३७ कॅलरींपेक्षा, हालचालीच्या गुणकातला फरक मोठा आहे, आणि तो गुणक आपण एका झटक्यात ॲपच्या यादीतून निवडतो. बँकेतले आठ तास बसून जात असतील, पण घरी स्वयंपाक, झाडलोट आणि बाजारहाट स्वतः करणारी स्त्री आणि संध्याकाळीही बसूनच असणारी स्त्री यांना एकच 'सेडेंटरी' लागू होत नाही. मी तुमच्यासाठी १.४५ घेईन, म्हणजे सुमारे १९५० कॅलरी. याशिवाय दोन चुका नेहमी दिसतात. पहिली म्हणजे गुणकात व्यायाम धरलेला असतानाही ॲपने दाखवलेल्या 'चालून जाळलेल्या' कॅलरी पुन्हा वर जोडणे. दुसरी म्हणजे उंची फुटांत लिहिताना ५ फूट १० इंचासाठी ५.१० टाइप करणे. ॲप ते ५.१ फूट, म्हणजे १५५ सेंमी समजते आणि १७८ सेंमीच्या माणसाचा आकडा मिफ्लिनने सुमारे १४० कॅलरींनी घसरतो. आकडा अनपेक्षित वाटला की सर्वात आधी उंचीची चौकट तपासा.

यापुढे सूत्रांची तुलना करत बसण्यापेक्षा स्वतःच्या शरीराकडून आकडा काढून घेणे सोपे आहे. पद्धत अशी. सलग चार आठवडे खाल्लेल्या सगळ्याची नोंद ठेवा, आणि रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा. एकेका दिवसाचे वजन पाहू नका. आठवड्याची सरासरी काढा. चार आठवडे अशासाठी की पाळीच्या आधी शरीरात पाणी साठते आणि दोन आठवड्यांच्या नोंदीत ते चरबी वाढल्यासारखे भासते. आहार नुकताच बदलला असेल तर पहिल्या आठवड्यातली घट पाण्याचीच असते, म्हणून मोजणी दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करा. समजा तुमच्या नोंदीनुसार रोजचे सरासरी सेवन १६५० कॅलरी भरले आणि २८ दिवसांत सरासरी वजन १ किलोने उतरले. एक किलो चरबीमागे ढोबळमानाने ७७०० कॅलरी धरतात, म्हणजे दिवसाला २७५ ची तूट. तुमचा दिवसाचा खर्च १६५० अधिक २७५, म्हणजे १९२५. सूत्राने दिलेल्या १९५० च्या तो अगदी जवळ आहे, तेव्हा सूत्र तुम्हाला लागू पडते असे समजायला हरकत नाही. तोच खर्च १६५० च्या आसपास निघाला असता, म्हणजे वजन जागचे हलले नसते, तर मात्र पुढचा विचार करावा लागला असता.

तो विचार करताना सर्वात आधी नोंदीवर संशय घ्यावा, शरीरावर नव्हे. आपल्या स्वयंपाकात तेल डोळ्याच्या अंदाजाने पडते. फोडणीचा एक मोठा चमचा तेल, म्हणजे १५ मिलिलिटर, सुमारे १२० कॅलरी देतो, आणि भाजीत वरून घातलेले चमचाभर दाण्याचे कूट आणखी पन्नास-साठ. रविवारच्या मिसळीवरची तर्री आणि संध्याकाळच्या चहाबरोबरचा मूठभर चिवडा ॲपमध्ये लिहायचा राहून जातो. एक युक्ती सांगतो: महिन्याच्या सुरुवातीला घरातली तेलाची पिशवी किंवा डबा तोलून ठेवा, शेवटी पुन्हा तोला, आणि घरातल्या माणसांत विभागा. नोंदीतले तेल आणि हे तेल यांत दुपटीचा फरक निघणे नेहमीचेच आहे. गंमत अशी की नोंदीतली चूक दर आठवड्याला सारखीच होत असेल तर नियोजनापुरते तिने फारसे अडत नाही. तुम्ही रोज १५० कॅलरी लिहायला विसरत असाल तर वरच्या पद्धतीने निघालेला १९२५ हा खरा खर्च नसून तुमच्याच मापातला खर्च आहे, आणि पुढचे जेवणही तुम्ही त्याच मापाने मोजणार आहात. फक्त त्या १९२५ ला १.४५ ने भागून 'माझा खरा बीएमआर इतका' असे मात्र सांगू नका, कारण तसे केले तर विसरलेले तेल बीएमआरमध्ये जाऊन बसते.

नोंद नीट आहे, तेल तोलले आहे, आणि तरीही चार आठवड्यांचा हिशेब सूत्रापेक्षा १५ टक्क्यांहून अधिक खाली येत आहे, असे झाले तर टीएसएच तपासून घ्या. तुमच्या वयात ते एरवीही करून ठेवण्यासारखे आहे. वर सांगितलेल्या कोणत्याही सूत्राला थायरॉइड, ताप, गर्भारपण किंवा दीर्घकाळचे अर्धपोट डाएट माहीत नसते. वारंवार कडक डाएट केलेल्या व्यक्तीचा दर वजन उतरल्याने जितका घटायला हवा त्याहून थोडा अधिक घटलेला असू शकतो, आणि तो फरक वय, लिंग, उंची आणि वजन या चार आकड्यांत कुठेच दिसत नाही. नेमका दरच हवा असेल तर अप्रत्यक्ष कॅलरीमापन करून घ्यावे लागते: रात्रभर उपाशी राहून सकाळी डोक्यावर पारदर्शक टोपासारखे आवरण घालून शांत पडून राहायचे, आणि यंत्र घेतलेला प्राणवायू व सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजून १९४९ सालच्या वेअर यांच्या समीकरणाने कॅलरी काढते. ही सोय मोठ्या रुग्णालयांत आणि संशोधन संस्थांतच सापडते, आणि तुमच्यासारख्या निरोगी व्यक्तीला वजन उतरवण्यासाठी तिची गरज नाही. वजन पाच-सहा किलोंनी उतरले की १३५० हा आकडा जुना होईल. तेव्हा नव्या वजनाने मिफ्लिन आणि परिषदेचे सूत्र पुन्हा मांडा आणि चार आठवड्यांची नोंदही पुन्हा करा.